सगळ्या सरळ वाटा शून्याकडे, तरीही सीमा नाही

१८२१ साली ऑगस्तँ-लुई कोशी यांचं ‘कूर दानालीझ’ हे पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. ‘सीमा’, ‘संतत’ असे शब्द तोवर गणितात बरेच सैलपणे वापरले जात. कोशींनी त्यांना नेमका अर्थ द्यायला घेतला, आणि कलनशास्त्र आज ज्या शिस्तीनं शिकवलं जातं तिचा मोठा भाग तिथूनच आला. पण त्याच पुस्तकात एक विधान असं आहे की आजच्या व्याख्या लावून वाचलं तर ते टिकत नाही. समजा, एखादं फलन x आणि y या दोन चलांवर अवलंबून आहे. y जागेवर ठेवून x हलवला तर फलन संतत राहतं. X जागेवर ठेवून y हलवला तरी संतत राहतं. तर मग, कोशी म्हणतात, दोन्ही एकदम हलवले तरी ते संततच राहणार.

हे विधान ऐकताक्षणी पटतं, आणि म्हणूनच ते बरीच वर्षं चाललं. १८७० साली योहानेस टोमे या जर्मन गणितज्ञानं आपल्या पुस्तकात एडुआर्ड हाइने यांचं एक उदाहरण छापलं. त्या एका उदाहरणानं विधान मोडलं. हाइनेंचं फलन त्रिकोणमितीच्या भाषेत होतं: sin(4 arctan(y/x)). थोडी बीजगणिताची आकडेमोड केली की त्याचं रूप असं होतं:

f(x, y) = 4xy(x² − y²) / (x² + y²)²

आरंभबिंदूवर, म्हणजे (0, 0) ला, छेद शून्य होतो, त्यामुळे सूत्र तिथे काहीच सांगत नाही. प्रश्न असा की बिंदू (x, y) आरंभबिंदूच्या जवळ जवळ जाऊ लागला, तर f ची किंमत कोणत्या एका संख्येकडे जाते? अशी संख्या असेल तर ती सीमा. नसेल तर सीमा अस्तित्वात नाही.

बारावीपर्यंत ज्या सीमा शिकवल्या जातात त्या एका चलाच्या असतात. तिथे संख्यारेषेवरच्या बिंदूकडे जायला दोनच बाजू आहेत, डावी आणि उजवी. डावी सीमा काढा, उजवी काढा, दोन्ही सारख्या आल्या की काम झालं. प्रतलात ही सोय उरत नाही. आरंभबिंदूकडे x-अक्षावरून येता येतं, y-अक्षावरून येता येतं, कोणत्याही तिरक्या रेषेवरून येता येतं, वळणं घेत, सर्पिल फिरत येता येतं. ‘दोन्ही बाजू तपासल्या’ असं म्हणण्याजोग्या दोन बाजूच तिथे नाहीत.

हाइनेंच्या फलनावर आधी सोप्या वाटा घेऊन पाहू. x-अक्षावर y = 0, म्हणून अंश शून्य, म्हणून f शून्य. y-अक्षावरही तेच. मग y = x ही रेषा घेतली, तर x² − y² शून्य होतो आणि f पुन्हा शून्य. y = −x घेतली तरी शून्य. आठही दिशांनी आत येऊन पाहिलं आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच. इथे थांबणारा विद्यार्थी ‘सीमा शून्य आहे’ असं लिहून मोकळा होतो.

आता y = x/2 या रेषेवरून यावं. या रेषेवरचा एक बिंदू आहे (0.2, 0.1). तिथे 4xy म्हणजे ०.०८, आणि x² − y² म्हणजे ०.०३, गुणाकार ०.००२४. छेदात x² + y² म्हणजे ०.०५ आणि त्याचा वर्ग ०.००२५. भागाकार ०.९६. आणखी जवळ जाऊन (0.002, 0.001) घेतला तरी ०.९६. दशलक्षांश अंतरावर गेलं तरी ०.९६ जागचं हलत नाही. कारण या फलनाची किंमत आरंभबिंदूपासूनच्या अंतरावर अवलंबूनच नाही, ती फक्त दिशेवर ठरते. x-अक्षाशी θ कोन करणाऱ्या किरणावर ती sin 4θ असते: साडेबावीस अंशांवर १, साडेसदुसष्ट अंशांवर −१, आणि पंचेचाळीसच्या पटीत शून्य.

दोन वाटांवर दोन वेगळ्या किमती मिळाल्या की सीमा नाही, एवढं म्हणून वर्गात पुढे जातात. पण दोन वाटा पुरतात का, हे एकदा नीट पाहायला हवं. सीमा L आहे याचा अर्थ असा: आपण कितीही लहान फरक सांगितला, समजा ०.१, तरी आरंभबिंदूभोवती एक पुरेसं लहान वर्तुळ काढता येतं, ज्याच्या आतल्या प्रत्येक बिंदूवर (केंद्र सोडून) f ची किंमत L पासून ०.१ पेक्षा कमी अंतरावर असते. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द कळीचा आहे. वर्तुळ कितीही लहान घेतलं तरी त्याच्या आत x-अक्षाचा तुकडा आहे, जिथे किंमत ० आहे; आणि y = x/2 चाही तुकडा आहे, जिथे किंमत ०.९६ आहे. मग एकच L दोघांपासूनही ०.१ च्या आत असायला हवा, म्हणजे ० आणि ०.९६ एकमेकांपासून ०.२ च्या आत असायला हवेत. ते शक्य नाही. पुरावा संपला. तिसऱ्या वाटेची गरज नाही.

कोशींच्या विधानाचं काय झालं तेही इथेच दिसतं. f(0, 0) ची किंमत शून्य ठरवली, तर दोन्ही अक्षांवर फलन सरसकट शून्य, म्हणजे संतत. एकेक चल हलवून पाहणारा माणूस फक्त आडव्या आणि उभ्या वाटांनी चालतो. बिघाड तिरक्या वाटेवर आहे आणि तिकडे तो कधी जातच नाही.

मग सगळ्या तिरक्या रेषा तपासल्या तर? y = mx लिहायचं, m म्हणजे रेषेचा चढ, उभा अक्ष वेगळा पाहायचा, आणि उत्तरात m राहतो का ते बघायचं. राहिला तर सीमा नाही, हे बरोबर. xy/(x² + y²) मध्ये y = mx घातलं की m/(1 + m²) उरतं; m बदलला की उत्तर बदलतं, विषय मिटला. पण m गळून पडला आणि प्रत्येक रेषेवर शून्यच आलं, तर सीमा शून्य मानायची का?

याचं उत्तर १८८४ साली तुरीनमध्ये छापलं गेलं. तिथल्या विद्यापीठातले ज्येष्ठ प्राध्यापक आंजेलो जेनोक्की यांच्या व्याख्यानांवरून कलनशास्त्राचं एक पुस्तक निघालं. ते लिहून काढलं होतं त्यांच्या सहायकानं, ज्युसेप्पे पेआनो यांनी, वयाच्या पंचविशीत. पेआनोंनी त्यात स्वतःच्या टिपा आणि उदाहरणं घातली आणि प्रतिष्ठित पुस्तकांतल्या चुका दाखवून दिल्या. जेनोक्कींना हे रुचलं नाही. पुस्तकाच्या मजकुराशी आपला संबंध नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्याच पुस्तकात हे फलन आहे:

f(x, y) = xy² / (x² + y⁴)

यात y = mx घालू. अंश m²x³ होतो, छेद x² + m⁴x⁴. दोन्हींतून x² काढून टाकला की m²x/(1 + m⁴x²) उरतं. x शून्याकडे गेला की अंश शून्याकडे जातो आणि छेद १ कडे. m कोणताही असो, सीमा शून्य. उभ्या अक्षावर x = 0, तिथेही शून्य. म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी एकही सरळ रेषा सुटलेली नाही आणि सगळ्यांचं उत्तर एकच आहे.

आता x = y² या अन्वस्त वक्रावरून यावं. अंश y²·y² म्हणजे y⁴. छेद y⁴ + y⁴ म्हणजे 2y⁴. भागाकार अर्धा. वक्रावरच्या प्रत्येक बिंदूवर अर्धा, आरंभबिंदूच्या कितीही जवळ. रेषांवर शून्य आणि या वक्रावर अर्धा, म्हणून सीमा नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काहीतरी चलाखी वाटते. प्रत्येक रेषेवर किंमत शून्याकडे जाते, आणि रेषा तर सगळं प्रतल झाकून टाकतात. मग तो अर्धा राहतो कुठे? एक रेषा घेऊन तिच्यावरून पावलापावलानं आत गेलं की हे उलगडतं. उभ्या अक्षाला अगदी लगटून जाणारी रेषा घेऊ, जिथे x हा y चा हजारावा भाग आहे: x = 0.001y. हे सूत्रात घातलं तर f ची किंमत 0.001y/(0.000001 + y²) येते. y = ०.१ असताना ती सुमारे ०.०१ आहे. y = ०.०१ वर आलं तर शून्याकडे जायच्या ऐवजी ती वाढून जवळपास ०.१ झाली. y = ०.००१ वर ती थेट अर्धा. त्यानंतर उतार लागतो: y = ०.०००१ ला पुन्हा ०.१ च्या आसपास, y = ०.००००१ ला ०.०१. पुढे ती शून्याकडे जाते, कबूल केल्याप्रमाणे.

म्हणजे या रेषेवर शून्याकडे जाण्याआधी एक उंचवटा लागतो आणि तो y = ०.००१ वर आहे, कारण नेमकी तिथेच ही रेषा x = y² या वक्राला छेदते. रेषा उभ्या अक्षाच्या आणखी जवळ आणली, x = 0.000001y घेतली, तर उंचवटा सरकून y = ०.०००००१ वर जातो, पण त्याची उंची अर्धाच राहते. उजव्या अर्ध्या प्रतलातल्या प्रत्येक तिरक्या रेषेवर असा एक उंचवटा आहे. प्रत्येक रेषा तो ओलांडल्यावरच शून्याकडे जाते, पण किती आत गेल्यावर ओलांडते हे रेषेगणिक वेगळं. सगळ्या रेषांचे उंचवटे मागे पडतील असं एकच वर्तुळ काढू म्हटलं तर काढता येत नाही, आणि व्याख्या तर असं एकच वर्तुळ मागते. एकेका रेषेचं वचन खरं आहे, पण ती सगळी वचनं एकाच अंतरावर पाळली जात नाहीत. या विषयात जे समजून घ्यायचं आहे ते एवढंच, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी इथेच घाई करतात.

नकाशातही हे दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा शोधला, तर वेगवेगळ्या उंचीच्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटून आलेल्या दिसतात. कडा जितका सरळसोट, तितक्या त्या जवळ. पेआनोंच्या फलनाच्या समोच्च रेषा काढल्या तर त्या x = ky² असे अन्वस्त वक्र निघतात आणि अशा वक्रावर किंमत k/(1 + k²) इतकी असते. k ऋण घेऊन डावी बाजूही धरली, तर −१/२ ते १/२ मधल्या प्रत्येक उंचीची रेषा त्या एकाच बिंदूत येऊन मिळते. संगणकावर आलेख काढून पाहणाऱ्यांसाठी ही ओळखायची खूण आहे: निरनिराळ्या उंचीच्या समोच्च रेषा एकाच बिंदूत घुसत असतील तर तिथे सीमा नाही. त्रिमितीय पृष्ठभागाचं चित्र मात्र अशा ठिकाणी फसवतं, कारण संगणक ठरावीक अंतरावरचे बिंदू मोजतो आणि मधली अरुंद धार त्याच्या जाळीतून निसटू शकते.

विद्यार्थी हमखास विचारतात की हा x = y² सुचायचा कसा. यात दैवी स्फूर्ती काही नाही. छेदाकडे पाहावं. त्यात x² आणि y⁴ आहेत. एक दुसऱ्यापेक्षा फार मोठा असेल तर छेदावर त्याचंच राज्य चालतं आणि दुसरं पद असून नसल्यासारखं होतं. दोघं सारख्या वजनाचे कुठे होतात, ते शोधायचं: x² = y⁴, म्हणजे x = y² (किंवा −y²). सरळ रेषेवर हे कधीच होत नाही, कारण तिथे x आणि y एकाच वेगानं लहान होतात आणि y⁴ हा x² च्या मानानं नगण्य ठरतो. म्हणूनच रेषांना काही दिसत नाही. वजनं जुळवली आणि अंशाचाही घात तेवढाच निघाला, की शून्येतर किंमत हाती येते. xy/(x² + y²) ला हीच युक्ती लावली तर x = y मिळतो; तिथे रेषा पुरली, कारण दोन्ही घात मुळातच सारखे होते.

छेद आरंभबिंदूशिवाय इतरत्रही शून्य होत असेल तर वाट निराळ्या पद्धतीनं शोधावी लागते. (x² + y²)/(x − y) हे फलन y = x या रेषेवर अर्थहीन आहे, म्हणून ती रेषा वाट म्हणून घेताच येत नाही; उत्तरपत्रिकेत ती घेतली की गुण जातात, आणि जायलाच हवेत. बाकीच्या रेषांवर सीमा शून्य येते. पण त्या निषिद्ध रेषेला चिकटून जाणारी वाट घेतली, y = x − x², तर छेद x² होतो, अंश x² + x²(1 − x)², आणि भागाकार 1 + (1 − x)², जो २ कडे जातो. सीमा नाही.

अशीच आणखी एक चूक नेहमी सापडते. सीमा (1, 2) या बिंदूपाशी विचारलेली असते आणि विद्यार्थी सवयीनं y = mx घेतो. ही रेषा (1, 2) मधून जाते ती फक्त m = 2 असताना. तिथे y − 2 = m(x − 1) घ्यायला हवी. वाट त्या बिंदूपर्यंत पोचतच नसेल तर तिच्यावरची किंमत कशाचाही पुरावा होत नाही.

ध्रुवीय निर्देशक वापरणाऱ्यांनाही पेआनोंचं फलन चकवतं. x = r cos θ, y = r sin θ घातलं की f चं रूप r cos θ sin² θ/(cos² θ + r² sin⁴ θ) होतं. θ स्थिर धरून r शून्याकडे नेला की उत्तर शून्य, आणि बरेच जण तिथे पूर्णविराम देतात. पण θ स्थिर धरणं म्हणजे सरळ रेषेवरून चालणंच. भाषा बदलली, वाट तीच राहिली. आत येताना θ ही नव्वद अंशांकडे सरकू शकतो, cos θ ही लहान होत जाऊ शकतो, आणि त्यामुळे छेद किती लहान होईल यावर बंधन राहत नाही. ध्रुवीय रूपातून सीमा सिद्ध करायची असेल तर θ काहीही असला तरी लागू पडेल अशी, फक्त r मध्ये लिहिलेली वरची मर्यादा दाखवावी लागते.

आणि सीमा खरोखरच असेल तर? वाटा कितीही तपासल्या तरी ते सिद्ध होत नाही. पेआनोंच्या फलनात y चा एकच घात वाढवून xy³/(x² + y⁴) घेऊ. सर्व रेषांवर शून्य. x = y² वर y/2, म्हणजे तेही शून्याकडे. आता वाटा सोडून असमता हाती घ्यायची. |x| आणि y² यांच्या फरकाचा वर्ग ऋण असू शकत नाही, त्यावरून |x|y² हा कधीही (x² + y⁴)/2 पेक्षा मोठा होत नाही. म्हणून आपल्या फलनाची संख्यात्मक किंमत |y|/2 पेक्षा जास्त असूच शकत नाही, बिंदू कोणत्याही वाटेनं येवो. |y|/2 शून्याकडे जातो, तर फलनही जातं. सीमा आहे, आणि ती शून्य आहे. पेआनोंचं फलन आणि हे फलन यांच्यात फक्त एका y चा फरक आहे.

रेषा पुरत नाहीत तर कोणत्या वाटा पुरतील, हा प्रश्न पुढेही गणितज्ञांना पडलेला होता. १९५५ साली आर्थर रोझेन्थाल यांनी त्याचं आश्चर्यकारक उत्तर दिलं. ज्यांची स्पर्शिका सलगपणे वळते अशा सगळ्या वक्रांवर फलन संतत राहत असेल तर ते खरोखरच संतत असतं. पण वक्र आणखी गुळगुळीत हवेत, त्यांची वक्रताही सलगपणे बदलायला हवी, असा आग्रह धरला तर तेवढे वक्र पुरत नाहीत: अशा प्रत्येक वक्रावर नीट वागणारं आणि तरीही संतत नसलेलं फलन रोझेन्थाल यांनी बांधून दाखवलं.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर वाचकांनी दोन फलनं स्वतः करून पाहावीत: x²y/(x⁴ + y²) आणि x³y/(x⁴ + y²). दोन्हींच्या छेदात वजनं जुळवणारी वाट एकच आहे. यातल्या एकाला आरंभबिंदूपाशी सीमा आहे, दुसऱ्याला नाही.